दर किलोमीटरचा नफा आणि शून्यावर आलेला t

मालवाहतुकीच्या गाड्यांचं आठवड्याचं नियोजन हे माझं रोजचं काम. त्या दिवशी वाहतूक विभागाचे व्यवस्थापक लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "सॉल्व्हर सांगतोय की दर किलोमीटरला 8 नफा मिळेल. पण फेऱ्या किती करायच्या ते काढायला गेलं की शून्याने भागल्याची चूक दाखवतोय. बघा बरं जरा."

प्रश्न दिसायला साधा होता. फेऱ्या दोन प्रकारच्या. लांब फेरी 400 किलोमीटरची, तिच्यात नफा 2000 आणि चालकाचे 10 तास जातात. छोटी फेरी 100 किलोमीटरची, नफा 800, तास 5. चालकांचे मिळून आठवड्याला 60 तास, आणि छोट्या फेऱ्यांना सहापेक्षा जास्त माल मिळत नाही. शिवाय फेरी करा न करा, 3000 खर्च बसतोच आणि गाड्या 200 किलोमीटर रिकाम्या धावतातच. लांब फेऱ्या x आणि छोट्या y मानल्या, तर वाढवायचं ते हे:

```
(2000x + 800y − 3000) / (400x + 100y + 200)
10x + 5y ≤ 60,   y ≤ 6,   x, y ≥ 0
```

छोटी फेरी किलोमीटरला 8 देते, लांब फेरी 5. त्यामुळे कुणाचंही मन आधी छोटीकडेच धावतं. पण नुसत्या सहा छोट्या फेऱ्या केल्या तर 4800 मधून 3000 वजा जाऊन 1800 उरतात, आणि गाडी धावते 800 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला 2.25. ठरलेला खर्च वाटून घ्यायला पुरेशा फेऱ्याच नाहीत. तेव्हा प्रत्येक फेरीचा आपापला दर काढून क्रम लावणं इथे चालत नाही, संपूर्ण भागाकार एकत्रच पाहावा लागतो.

अडचण ही की भागाकार रेषीय नसतो आणि आमचा सॉल्व्हर फक्त रेषीय गणितं सोडवतो. यावरचा उपाय अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांनी 1962 मध्ये मांडला. छेदाच्या व्यस्ताला t म्हणायचं, म्हणजे t = 1 / (400x + 100y + 200). मग p = tx आणि q = ty असे नवे चल घ्यायचे. अंशाला t ने गुणलं की उद्दिष्ट 2000p + 800q − 3000t होतं, आणि छेदाला t ने गुणून 1 आलं पाहिजे ही अट समीकरण म्हणून खाली लिहायची. मूळ बंधनांनाही t ने गुणायचं. छेद कधीच 200 च्या खाली जात नाही, म्हणून t धन आहे आणि गुणताना असमानतेची दिशा उलटत नाही. छेद धन असल्याची खात्री नसेल तर मात्र या वाटेने जाऊच नये.

व्यवस्थापकांच्या फाइलमध्ये समीकरण बरोबर होतं, उद्दिष्टही बरोबर होतं. गडबड बंधनांच्या ओळींत निघाली. तिथे 10p + 5q ≤ 60 असं लिहिलेलं होतं. डावी बाजू t ने गुणली गेली होती, उजवीकडचा 60 तसाच राहिला होता. p आणि q हे तर हजाराव्या, शंभराव्या हिश्शातले आकडे, त्यांना 60 काय अडवणार? बंधन नावापुरतं उरलं. मग सॉल्व्हरने 3000 चा बोजा टाळण्यासाठी t शून्यावर नेला आणि q = 0.01 घेऊन छोट्या फेरीचा निव्वळ दर, 8, हातात ठेवला. तो 8 कुठून आला हे ओळखीचं वाटलं, तेव्हाच मी बंधनांकडे वळलो होतो.

दुरुस्त केलेलं गणित असं:

```
max  2000p + 800q − 3000t
10p + 5q − 60t ≤ 0
q − 6t ≤ 0
400p + 100q + 200t = 1
p, q, t ≥ 0
```

उत्तर आलं p = 0.0015, q = 0.003, t = 0.0005. p आणि q ला t ने भागलं की लांब फेऱ्या 3, छोट्या 6. नफा 7800, अंतर 2000 किलोमीटर, किलोमीटरला 3.9.

(मांडणी बरोबर असूनही t शून्य येऊ शकतो. तासांची ओळ गाळून पाहा: लांब फेऱ्या वाढवत नेल्या तर दर 5 च्या जवळ जवळ जात राहतो, पण कधीच तिथे पोचत नाही. अशा वेळी सॉल्व्हर t = 0 आणि 5 दाखवतो. एखादी मर्यादा लिहायची राहिली आहे, हा त्याचा अर्थ.)

आणखी एक बदल मी केला. गाड्यांचा ताफा मोठा असला की छेद लाखोंत जातो आणि t इतका बारीक होतो की सॉल्व्हर त्याला शून्यच समजतो. म्हणून समीकरणाच्या उजवीकडे 1 ऐवजी 1000 लिहिलं. p, q, t हजारपट झाले, फेऱ्या त्याच राहिल्या, फक्त उद्दिष्टाचा आकडा आता दर हजार किलोमीटरचा, 3900.

व्यवस्थापकांचा पुढचा प्रश्न तयारच होता. एका ग्राहकाची 200 किलोमीटरची नवी फेरी हातात होती, नफा 1200. "किलोमीटरला 6 पडतात. आपली सरासरी 3.9. घेऊनच टाकू ना?"

फक्त माल चढवायला तिथे फार वेळ लागायचा, त्यामुळे तासही 10 जाणार होते. उजवीकडे 1 असलेल्या मूळ मांडणीच्या सावली किमती पाहिल्या, म्हणजे एखाद्या ओळीची उजवी बाजू एकाने वाढवली तर उद्दिष्ट किती वाढतं ते. समीकरणाची किंमत 3.9 च असते, कारण उजवीकडे शून्य नसलेली ती एकच ओळ आहे. तासांच्या ओळीची आली 44. म्हणजे नव्या फेरीने आधी 200 × 3.9 = 780 किलोमीटरांपोटी भरायचे आणि 10 × 44 = 440 तासांपोटी. एकूण 1220. नफा 1200. वीस कमी पडले. त्यांना पटेना, म्हणून एक लांब फेरी काढून ही घालून दाखवली: नफा 7000, अंतर 1800, दर 3.89.

ते निघण्याआधी मीच त्यांना एक गोष्ट विचारली, आणि माझ्या मते ती सगळ्यात आधी विचारायला हवी होती. सगळ्या तासांत सहा लांब फेऱ्याच केल्या तर एकूण नफा 9000 होतो, 2600 किलोमीटरांत. दर 3.46 वर उतरतो, पण हातात 1200 जास्त येतात. त्या जादा 600 किलोमीटरांवर प्रत्येकी 2 सुटतात. गाड्या एरवी उभ्याच राहणार असतील, तर ते 1200 सोडण्यात शहाणपण नाही आणि दर किलोमीटरचा नफा हे उद्दिष्टच चुकीचं. वाचलेली किलोमीटरं दुसऱ्या कामावर 2 पेक्षा जास्त मिळवत असतील, तर 3 आणि 6 चा बेत बरा.

गाड्या भाड्याच्या होत्या आणि करारात किलोमीटरची मर्यादा होती. उरलेली किलोमीटरं दुसऱ्या विभागाला हवीच होती आणि तिकडचा दर 2 च्या बराच वर होता. तीन लांब, सहा छोट्या, असं त्यांनी वेळापत्रकात भरलं.