६ लाखांचा नफा गेला कुठे?

“नफा ६ लाख दाखवताय, मग बँकेत आणि गल्ल्यात मिळून ४० हजारच कसे?”

अण्णा, ताळेबंद हातात पडला की बेळगावातले बहुतेक हॉटेलवाले हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून तुमच्याच आकड्यांवरून सांगतो. नफ्याचं पान बाजूला ठेवा आणि कॅश फ्लोचं पान उघडा.

सुरुवात त्याच ६ लाखांपासून आहे. त्यात १ लाख २० हजार घसारा मिळवलाय, कारण तो खर्च फक्त वहीत पडतो, खिशातून जात नाही. पुढे वजाबाकी. उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांना तुम्ही जेवणाचे डबे देता. त्यांच्याकडची उधारी गेल्या मार्चला ४० हजार होती, या मार्चला २ लाख २० हजार आहे. डबा गेला त्या दिवशी विक्री धरली, नफाही धरला. पैसे आलेच नाहीत. म्हणून १ लाख ८० हजार वजा. मार्चमध्ये वर्षाची ब्याडगी मिरची आणि तांदूळ भरलात, त्यामुळे साठा ८० हजारांनी वाढला, तेही वजा. किराणावाल्याचं देणं ४० हजारांनी वाढलंय, ते मिळवलंय. या आकड्यावर खूश होऊ नका, तो पुढच्या महिन्यात द्यायचाच आहे. धंद्यातून हातात आले ५ लाख.

त्यातून डीप फ्रीझर आणि नव्या गाळ्याचं डिपॉझिट मिळून २ लाख गेले. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज नफा काढतानाच वजा झालंय, पण मुद्दलाचे २ लाख ४० हजार नफ्याच्या पानावर कुठेच दिसत नाहीत. घरखर्चाला तुम्ही महिना ३० हजार उचलता, त्याचे झाले ३ लाख ६० हजार. ती उचल आहे, खर्च नव्हे, म्हणून तीही नफ्याच्या पानावर नाही. एकूण ८ लाख गेले, आले ५. कमी पडलेले ३ लाख गेल्या वर्षीच्या ३ लाख ४० हजार शिलकीतून भरले गेले. उरले ४० हजार. पासबुक आणि गल्ला मोजून बघा, जुळलं नाही तर माझा कागद चुकलाय.

फ्रीझर एकदाच घ्यायचा होता, त्याची मला चिंता नाही. उधारीची आहे. ती गेल्या मार्चएवढीच राहिली असती, तर आज तुमच्याकडे २ लाख २० हजार असते.

हे वर्षाचं पान एक गोष्ट लपवतं. श्रावणात तुमची मटण थाळी थंडावते, हप्ता मात्र थंडावत नाही. यंदा श्रावणात ४० हजारांवर निभणार नाही, म्हणून आषाढाच्या आतच महिनावार कागद करू.

त्यासाठी फाउंड्रीवाल्यांची यादी पाठवा. कुणाचं बिल किती आणि कोणत्या तारखेचं, एवढं पुरे. ४५ दिवसांपेक्षा जुनं असेल त्याचा डबा आधी रोखीवर आणा.