सवडीने

21 मे, रात्री

दुपारी तो जे बोलला ते डोक्यातून जाऊन नाही राहिलं. बोलला तोही हसत. म्हणूनच जास्त लागलं.

मी फोन केला होता पैशांसाठी. 28 मार्चला माल उतरला, 12 मेला 45 दिवस भरले, 14 ला मी मेल टाकला, आज 21. म्हटलं, साहेब, आमच्या बिलाचं काय झालं? तर म्हणाला, "ताई, तुम्हीच तं लिहिलं होतं न, सवडीनं पहा म्हणून. मी बाजूला ठेवलं."

फोन ठेवला आणि कूलरसमोर जाऊन उभी राहिले. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी लिहिलं तेच त्यानं केलं.

मग मेल उघडून पाहिला. इंग्रजीतला होता, मराठीत करून पाहिला तर असा झाला: "पुन्हा त्रास देत असल्याबद्दल सॉरी. आपण कामात असाल याची कल्पना आहे. कदाचित आमच्याच पाहण्यात चूक झाली असेल, पण एका बिलाचे पैसे बहुधा अजून आलेले दिसत नाहीत. शक्य झाल्यास सवडीने बघाल का? काही चुकलं असल्यास क्षमस्व." बिलाचा नंबर नाही, रक्कम नाही, तारीख नाही. 64,900 रुपये आपलेच, आणि मी ते असे मागितले होते जणू शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागायला गेले आहे. साखर मागताना तरी मी इतकी वाकत नाही.

भाऊंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काही बोलले नसते, आणि त्यांचं ते न बोलणं मला माहीत आहे.

नंतर सेंट फोल्डरमध्ये सॉरी शोधलं. मार्चपासूनचे मेल चाळले, 41 सॉरी निघाले. त्यात खरंच माझी चूक असलेले तीन. बाकी 38 कशाबद्दल होते? एकदा फाइल मोठी होती म्हणून. एकदा त्यांनीच अर्धवट पाठवलेल्या ऑर्डरबद्दल प्रश्न विचारायचा होता म्हणून. एकदा तर उत्तर लवकर दिलं म्हणून, रविवार होता.

त्या तिनांतलं एक आठवूनच अंगावर काटा येतो. एका बिलावर त्यांचा जीएसटी नंबर मी चुकीचा टाकला होता, त्यांना इनपुट क्रेडिट दिसेना. तिथे खरं सॉरी हवं होतं. ते मी लिहिलं, पण त्याच्या मागेपुढे आणखी चार सॉरी होते. खरं सॉरी त्या गर्दीत हरवलं, आणि दुरुस्ती पुढच्या जीएसटीआर-1 मध्ये होईल हे मुख्य वाक्य शेवटच्या ओळीत गेलं. त्यांनी परत विचारलं, "दुरुस्ती कधी होईल?" ते एकच कळायला हवं होतं त्यांना. काय चुकलं, काय दुरुस्त केलं, कधीपर्यंत, आणि एकदाच माफी. इतकंच.

मला वाटत होतं हा माझा स्वभाव. आई म्हणायची तेच, पण ते जाऊ दे. स्वभाव असता तर बर्डीवर भाजीवाल्याशी बोलतानाही हेच झालं असतं. तिथे मी सरळ म्हणते, "दोन पाव द्या न जी, ताजी द्या." त्यात सॉरी नाही, कृपया नाही, आणि कोणाला उद्धट वाटत नाही. मान त्या "द्या"मध्येच आहे आणि थोडा "जी"मध्ये. इंग्रजीत क्रियापदाला हा कान नाही. "सेंड" लिहिलं की मला ते "पाठव बे" असं ऐकू येतं. म्हणून घाबरून त्याच्या आजूबाजूला सॉरी, जस्ट, इफ पॉसिबल असे तक्के लावत बसते. समोरच्याला मान मिळतो की नाही कोण जाणे, पण मागणं तक्क्यांखाली जातं एवढं खरं.

तर मान ठेवायचा कुठे? अर्धा तास खरडत बसले. सापडलं ते असं की समोरच्याचं काम सोपं करणं हाच मान. त्याला बिल शोधावं लागू नये, रक्कम विचारावी लागू नये. विषयाच्या ओळीतच टाकलं: बिल 218, रु. 64,900, मुदत 12 मे. मग आत:

"नमस्कार. बिल 218 चे रु. 64,900 काल संध्याकाळी सहापर्यंतच्या आमच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसत नाहीत. त्यानंतर टाकले असल्यास यूटीआर नंबर पाठवावा. नसल्यास 28 मेपर्यंत जमा करावेत आणि कोणत्या तारखेला टाकणार ते उद्या दुपारपर्यंत कळवावे. बिल आणि डिलिव्हरी चलन परत जोडले आहे. मालाबद्दल काही तक्रार असेल तर तीही सांगावी. धन्यवाद."

"कदाचित आमचीच चूक असेल" काढताना हात थबकला, कारण शंका थोडी खरी होती. चुकून दुसऱ्या नावानं जमा झाले असले तर? मग ती शंका धुक्यासारखी न सोडता जिथे आहे तिथेच बांधली: मी कधीपर्यंतचं पाहिलंय ते लिहिलं. आता मी चुकले तरी खोटी पडत नाही. आधीच्या मेलमध्ये मी न चुकताच चुकले होते.

एमएसएमईचा कायदा टाकावा असं एकदा मनात आलं. नोंदणी आहे आपली, आणि लेखी करार असला तरी 45 दिवसांपुढे जाता येत नाही. पण पहिल्याच सरळ मेलमध्ये कायदा म्हणजे पोह्यांवर तर्री न घालता पातेलंच उपडं करणं. ठेवला मागच्या खिशात.

"उशिरा उत्तराबद्दल सॉरी"च्या जागी "थांबल्याबद्दल आभार" लिहायचं, हे वहिनीनं मागेच सांगितलं होतं. चालतं, पण माणूस तापलेला नसेल तेव्हाच. तीन दिवस ज्याचं काम अडलं त्याला थांबल्याबद्दल आभार लिहा, मग तो काय म्हणतो ते पहा. तिथे सॉरीच लागतं.

साडेचारला मेल पाठवला. पाठवून लगेच वाटलं, फार कडक झाला. परत वाचला. कडक काहीच नव्हतं, फक्त मोकळा दिसत होता, लग्नानंतर सामान हलवलेल्या खोलीसारखा. सात-आठ वेळा वाचला तरी. ही तर नवीच कटकट.

सात वाजता व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज. "ताई, रागावल्या काय जी? 27 ला टाकतो."

मी लगेच टाइप केलं, "नाही नाही, सॉरी, तसं काही नव्हतं." आणि गेलाही.

41 चे 42.