एकच कंपनी, चार पदं आणि तो अर्ज

‘मॅडम, नऊ वर्षांत चार कंपन्या बदलल्यात तुम्ही?’

मी नोकरीसाठी अर्ज केलेल्या कंपनीतून आलेल्या फोनवरच्या मुलाने अगदी सहज विचारलं आणि मला क्षणभर काही सुचेना. नऊ वर्षं मी एकाच कंपनीत आहे, त्याच गोदामात. जून २०१५मध्ये स्टोअर असिस्टंट म्हणून लागले, मग सीनियर असिस्टंट झाले, मग सुपरवायझर, आणि ऑक्टोबर २०२२पासून वेअरहाउस इन्चार्ज. तीन बढत्या मिळवल्या आणि समोरच्याला मी दर दोन वर्षांनी नोकरी सोडणारी बाई दिसत होते. त्याला मी सगळं समजावून सांगितलं, त्याने ऐकूनही घेतलं. ‘पण सिस्टिममध्ये तसंच दिसतंय,’ एवढंच म्हणाला. पुढे त्यांच्याकडून काहीच आलं नाही.

त्या रात्री मी भरलेला अर्ज पुन्हा उघडला. रेझ्युमे अपलोड केला की हा ऑनलाइन अर्ज त्यातली माहिती स्वतःच वाचून रकान्यांत भरतो. घाईत मी ती न तपासता ‘पुढे’ दाबत गेले होते. पहिल्या नोंदीत कंपनीचं नाव बरोबर होतं. दुसऱ्या नोंदीत कंपनीच्या जागी ‘स्टोअर सुपरवायझर’ असं लिहिलेलं होतं आणि पदाचा रकाना कोरा. तिसऱ्या-चौथ्या नोंदीचीही तीच गत. एकूण अनुभव? १८ वर्षं! कंपनीच्या नावापुढे मी ‘जून २०१५ ते आजपर्यंत’ असा पूर्ण कालावधी लिहिला होता आणि खाली प्रत्येक पदापुढे त्याचा वेगळा. अर्जाने दोन्हींची बेरीज केली होती.

याआधी असेच पाच अर्ज मी भरले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. त्या पाचांतही हेच झालं असेल का, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

दुरुस्तीला बसले तेव्हा लक्षात आलं की अर्ज नीट भरायचा तर आधी रेझ्युमेच नीट करावा लागणार. प्रत्येक नोंदीत ‘जबाबदाऱ्या’ हा रकाना सक्तीचा होता, आणि माझ्या रेझ्युमेत चारही पदांखाली तीच तीन वाक्यं होती: ‘येणाऱ्या मालाची तपासणी व नोंद. स्टॉकची मोजणी. डिस्पॅचचे नियोजन.’ २०१७मध्ये पहिली बढती मिळाली तेव्हा खालचा मजकूर उचलून वर चिकटवला होता. पुढच्या दोन्ही वेळी तेच केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. इन्चार्ज झाल्यावरही मी मोजणीला उभी राहतेच. पण हे वाचणाऱ्याला मला बढती का दिली, हे कळायला मार्गच नव्हता.

बढतीची पत्रं काढली. त्यांचा उपयोग तारखांपुरता आणि पदाच्या नेमक्या नावापुरता झाला, कामाबद्दल त्यांत एक ओळ नव्हती. खरं उत्तर सापडलं ते आमच्या तफावतीच्या कागदात. गोदामात मोजलेला माल आणि कॉम्प्युटरवरचा आकडा जुळला नाही की तफावतीचा कागद निघतो. असिस्टंट असताना मी तो कागद भरायचे आणि वर द्यायचे. सीनियर झाले तेव्हाही भरायचेच, पण नव्या मुलांनी भरलेले कागद आधी माझ्याकडे यायला लागले. सुपरवायझर झाले तेव्हा ठरावीक मर्यादेपर्यंतची तफावत माझ्या सहीने खतावली जाऊ लागली. आणि इन्चार्ज झाल्यावर वर्षअखेरीची सगळी तफावत माझ्या नावावर, तिचा जाब मी द्यायचा. चारही पदांवर काम ‘स्टॉकची मोजणी’च, पण माझी सही कुठे चालते ते दर वेळी बदललं होतं.

एवढं दिसल्यावर बाकीचं लिहायला जमलं. प्रत्येक पदासाठी मी एवढंच शोधलं: कोणाला न विचारता मी काय ठरवू शकत होते, आणि माझ्या हाताखाली किती माणसं होती? ज्याचं उत्तर आधीच्या पदासारखंच आलं ते काम वरच्या पदाखाली लिहिलंच नाही. मालाची तपासणी फक्त सगळ्यात खालच्या पदाखाली ठेवली. वर ती नाही म्हणून कोणी असं समजत नाही की मी तपासणी विसरले.

पहिल्या दोन पदांनी मात्र घोळ घातला. असिस्टंट आणि सीनियर असिस्टंट यांच्यात फरक होता तो नव्या मुलांना शिकवण्याचा आणि त्यांचे कागद बघण्याचा, बस. त्याच्या चार ओळी करायला गेले तर त्या ओढूनताणून आणलेल्या वाटत होत्या. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी दोन्ही पदं एकाखाली एक ठेवून खाली मजकूर एकच ठेवला. बढतीचं कारण त्याच मजकुरातल्या एका ओळीत बसलं. काम फारसं बदललेलं नसेल तेव्हा हेच बरं, कारण पद आणि तारीख पाहूनही वाचणाऱ्याला चढण कळते. काम खरोखर बदललं तिथेच वेगळा मजकूर द्यायचा. शेवटी रेझ्युमेतला भाग असा झाला, कंपनीचं नाव तेवढं इथे काढलंय:

कंपनीचं नाव
वेअरहाउस इन्चार्ज, ऑक्टोबर २०२२ ते आजपर्यंत
– २२ जणांच्या गोदामाची पूर्ण जबाबदारी, वर्षअखेरीच्या तफावतीचा जाब माझ्याकडे.
– वर्षातून एकदाच होणारी मोजणी बंद करून महाग व जलद खपणाऱ्या मालाची दरमहा मोजणी सुरू केली. नोंद आणि प्रत्यक्ष माल जुळण्याचं प्रमाण ९१ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर.

कंपनीचं नाव
स्टोअर सुपरवायझर, जुलै २०१९ ते सप्टेंबर २०२२
– एका पाळीतल्या आठ जणांचं काम ठरवणं, ठरावीक मर्यादेपर्यंतच्या तफावतीला मंजुरी.
– डिस्पॅचचा क्रम गाड्यांच्या वेळेनुसार लावला, त्यामुळे गाडी थांबून राहण्याचा वेळ कमी झाला.

कंपनीचं नाव
सीनियर स्टोअर असिस्टंट, एप्रिल २०१७ ते जून २०१९
स्टोअर असिस्टंट, जून २०१५ ते मार्च २०१७
– येणाऱ्या मालाची तपासणी, नोंद आणि मोजणी.
– २०१७पासून नव्या सहाय्यकांचं प्रशिक्षण आणि त्यांच्या तफावत-कागदांची पडताळणी.

गाड्यांच्या ओळीत आकडा नाही, कारण तेव्हा तो कोणी मोजून ठेवला नव्हता. अंदाजाने टाकण्याचा मोह झाला होता, पण मुलाखतीत ‘कसा मोजलात?’ असं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ९८ टक्क्यांचे कागद आहेत, म्हणून तो आकडा आहे.

कंपनीचं नाव तीनदा का, हे विचारायला हवंच. कारण तोच अर्ज. माणसाच्या हातात द्यायच्या रेझ्युमेत नाव एकदाच वर, शेजारी पूर्ण कालावधी आणि खाली पदांची उतरंड, हेच सगळ्यात छान दिसतं. कोणाला थेट ईमेल करायचा असेल तर मी अजून तोच पाठवते. पण अर्ज वाचणाऱ्या यंत्रणेला बऱ्याचदा प्रत्येक पदाच्या वर कंपनीचं नाव लागतं. नाही मिळालं तर ती जवळची कुठलीतरी ओळ उचलून त्या जागी टाकते. म्हणून माझ्याकडे आता दोन प्रती आहेत. अर्जासाठीच्या प्रतीत नाव परत परत, अक्षर न अक्षर सारखं. एकीकडे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि दुसरीकडे ‘प्रा. लि.’ असं मी आधी लिहिलं होतं, तेही बदललं. त्या प्रतीत पूर्ण कालावधीची ओळ नाही. शेजारी-शेजारी दोन रकान्यांची मांडणीही काढून टाकली, कारण तिच्यात डावीकडच्या तारखा उजवीकडच्या भलत्याच पदाला जाऊन चिकटत होत्या.

दोन पदं एकत्र ठेवलेल्या तिसऱ्या नोंदीला अर्जाने तरीही त्रास दिलाच. त्याला प्रत्येक पदाची वेगळी नोंद हवी होती आणि प्रत्येकीत जबाबदाऱ्या. तिथे मी मजकूर फोडला: तपासणी-मोजणीची ओळ असिस्टंटला, प्रशिक्षणाची ओळ सीनियरला. एकेकच ओळ, पण चालते. दुसऱ्यांदा तीच ओळ टाकण्यापेक्षा एक ओळ कधीही चांगली.

आणि मग तो रकाना, ‘नोकरी सोडण्याचे कारण’. सक्तीचा, प्रत्येक नोंदीला. मी नोकरी सोडलीच नव्हती! पहिल्या वेळी वैतागून तिथे ‘लागू नाही’ लिहिलं होतं. त्याने काहीच उलगडा होत नाही, उलट काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. आता लिहिते: ‘त्याच कंपनीत सुपरवायझर पदावर बढती.’ यंत्रणेला रकाना भरलेला हवा असतो आणि वाचणाऱ्या माणसाला तिथेच कळतं की कंपनी बदललेली नाही. मला वाटतं, सगळ्या दुरुस्तीत सर्वांत जास्त काम या एका वाक्याने केलं.

तारखा महिन्यासकट लिहा. मी आधी पदांपुढे नुसती वर्षं लिहिली होती, ‘२०१५–२०१७, २०१७–२०१९’. त्यात २०१७ दोन्हीकडे येतं आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू होत्या असा अर्थ निघू शकतो. एक पद मार्चअखेर संपलं आणि पुढचं एप्रिलपासून सुरू झालं, हे स्पष्ट दिसायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी मी जवळजवळ चुकले होते. २०२०च्या सुमारास आमच्याकडे सगळ्या सुपरवायझरांचं पद बदलून ‘स्टोअर एक्झिक्युटिव्ह’ असं केलं होतं, वर्षभराने ते पुन्हा जुनंच झालं. काम तेच, हाताखालची माणसं तीच. ती चौथी बढती म्हणून दाखवायचा विचार मनात येऊन गेला. पण नाव बदललं म्हणजे बढती झाली असं नाही, आणि मुलाखतीत ‘इथे काय वाढलं?’ याला मी काय सांगितलं असतं? त्या ओळीला जागाच दिली नाही. तशीच काळजी पदाच्या नावाची. पत्रात ‘इन्चार्ज’ आहे, तर मी ‘मॅनेजर’ लिहिलं नाही, काम मॅनेजरचंच असलं तरी. नोकरीआधीच्या पडताळणीत जुन्या कंपनीला पद आणि तारखा साधारण विचारतातच, आणि तिथे नाव जुळलं नाही तर सगळं केलेलं पाण्यात.

सातवा अर्ज मी प्रत्येक रकाना डोळ्यांनी वाचून भरला. त्याला दीड तास लागला. नवव्या दिवशी फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘तुम्ही दरमहा मोजणी सुरू केलीत, तेव्हा रोजचा डिस्पॅच न थांबवता ती कशी बसवली?’ मी खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला लागले.