एकोणऐंशी की एकोणनव्वद: चुकीच्या नंबरवर गेलेला रिपोर्ट

धाकट्यानं नवीन सिम घेतलं आणि नंबर फोनवर तोंडी सांगितला. त्यातला ‘एकोणऐंशी’ मी ‘एकोणनव्वद’ ऐकला. ७९ चं ८९ झालं, एवढंच. तो नांदेडला, मी सेलूत. संध्याकाळी आईच्या बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो त्या नंबरवर टाकला. खाली लिहिलं, की आईला एवढ्यात काही सांगायचं नाही, आणि पैसे कमी पडले तर खालच्या रानाचं काय करायचं ते ठरवू. डीपीवर पोळ्याच्या बैलजोडीचा फोटो होता. आपल्याकडं निम्म्या गावाचा डीपी तोच असतो, म्हणून शंका आली नाही.

उत्तर आलं, ‘कोण पाहिजे?’

पोटात गोळाच आला. घाईघाईत मेसेज दाबून धरला आणि Delete for everyone ऐवजी Delete for me दाबलं. म्हणजे माझ्याकडून गेलं, त्याच्याकडं तसंच राहिलं. त्यानंतर खाली Undo चं बटण येतं, पण ते पाचेक सेकंदच असतं. मी ते वाचेपर्यंत गायब. सगळ्यांकडून मेसेज काढायला दोन दिवसांहून थोडी जास्तच मुदत मिळते, म्हणजे घाईचं काही कारणच नव्हतं. पण आपल्या बाजूनं एकदा पुसलं की तो रस्ता बंद. आता फक्त त्या माणसाच्या मर्जीवर.

इथं मी दुसरी चूक केली. लिहिलं, ‘अर्जंट आहे, प्लीज लगेच फोन करा, ते उघडू नका.’ निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग चार वेळा फोन लावला. उचलला नाही. पुढचा मेसेज एकाच टिकेवर अडकला आणि बैलजोडीही दिसेनाशी झाली. नेट बंद असेल तर एकच टिक येते, पण डीपीही गेला म्हणजे बहुधा ब्लॉक केलं. बायको म्हणाली, “अनोळखी माणूस अर्जंट अर्जंट करायलाय, फोन लावायलाय, तुम्ही तरी उचलला असता का?”

रात्रभर ती एकच टिक बघत बसलो. ब्लॉक असताना पाठवलेलं व्हॉट्सॲपवर नंतर ब्लॉक काढला तरी पोचत नाही, म्हणून तिथं लिहीत राहण्यात अर्थ नव्हता. पण साधा एसएमएस त्या ब्लॉकनं अडत नाही. सकाळी तो लिहिला. चार वेळा खोडून शेवटी असा:

‘नमस्कार. मी सेलूचा. काल संध्याकाळी माझ्याकडून चुकून तुम्हाला दवाखान्याच्या कागदाचा फोटो आणि घरचा मेसेज गेला. नंबरचा एक आकडा चुकला. नंतर सारखे फोन केले, त्याबद्दलही माफी. कृपया दोन्ही डिलीट करा, फोटो गॅलरीतूनही काढा. मला ओटीपी, पैसे, लिंक काही नको. उत्तर नाही दिलं तरी चालेल.’

मराठीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, म्हणून हा चार-पाच एसएमएसचा झाला. झाला तर झाला. मुद्दाम दोन गोष्टी टाळल्या. आजाराचं नाव परत लिहिलं नाही, कारण त्यानं नीट वाचलं नसेल तर मीच वाचायला लावलं असतं. आणि ‘कुणाला दाखवलं तर बघा’ असलं काही नाही. गॅलरीचं मात्र लिहावंच लागतं, कारण बऱ्याच फोनमध्ये फोटो आपोआप सेव्ह होतो आणि चॅटमधून काढला तरी तिथं राहू शकतो.

दुपारी दोनला फोन आला. गंगाखेडकडचा माणूस, कापूस वेचणीवर होता. “दादा, मला वाटलं फ्रॉडवाले हायत. आधी फोटू, मग फोन. म्हणून ब्लॉक केलं. आता काढतो बघा.” मी दहा वेळा माफी मागितली. आणि तोंडातून निघून गेलं, “काढलं की जरा दाखवता का?”

पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. त्यात रिपोर्ट अख्खा दिसत होता. डिलीट करायच्या आधी, फोटोवर टिक लावलेली. म्हणजे रिपोर्टची आणखी एक प्रत त्याच्या गॅलरीत, माझ्या हट्टामुळं. परत फोन, परत माफी. “तो पण काढतो,” म्हणाला, “आता त्याचा फोटू मागू नका.”

संध्याकाळी धाकट्याला सांगितलं, नंबर लिहून पाठव. त्यानं पाठवला. त्यावर आधी नुसतं ‘रामराम’ टाकलं, त्याचा आवाज फोनवर ऐकला, मग रिपोर्ट.