बाबांचा अंगठा लागला नाही, तेव्हा हयातीचा दाखला कसा दिला

माझे वडील ऐंशी पार केलेले आहेत. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांनी चौतीस वर्षे काढली आणि त्यातली निम्मी तरी कानस, घासणीचा कागद आणि रॉकेलने हात धुण्यात गेली. त्यांच्या बोटांची टोके इतकी गुळगुळीत झाली आहेत की नोट मोजतानाही त्यांना ती ओली करावी लागतात. आम्ही कळव्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मी जी धावपळ केली, ती तशाच अडचणीत असलेल्या घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. ऐंशी वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ही महिन्याची सवलत मिळाल्यामुळेच आम्ही वाचलो, कारण पहिल्याच दिवशी काम झाले नाही. घराजवळच्या सुविधा केंद्रातल्या मुलाने यंत्रावर बाबांचा उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग एकेक करत सहा बोटे. प्रत्येक वेळी ठसा जुळत नसल्याचा संदेश आला. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, तुमचा आधारच खराब झाला आहे." बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आधार खराब झालेला नव्हता. ठशाचे यंत्र बोटावरच्या उंचवट्यांतला आणि मधल्या खाचांतला फरक टिपते. वयाने कातडी पातळ आणि कोरडी होते, उंचवटे बसतात आणि हाताने कष्ट केलेल्यांच्या बाबतीत ते आधीच झिजलेले असतात, त्यामुळे यंत्राला टिपायला पुरेसे काही उरत नाही. बोटे कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित ओलसर ठेवल्यास कधीकधी फरक पडतो. मात्र ती पाण्याने निथळत असली तर खाचा भरून जातात आणि ठसा आणखी बिघडतो. अंगठ्याऐवजी कमी वापरातले बोट, उदाहरणार्थ अनामिका, आधी वापरून पाहावे. आम्ही हे सारे दुसऱ्या दिवशी केले. तरी ठसा जुळला नाही.

तेव्हा मी कारण नेमके शोधायचे ठरवले. `myaadhaar.uidai.gov.in` वर बाबांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आधार वापराचा इतिहास उघडला की अयशस्वी प्रयत्नांसमोर एक क्रमांक दिसतो. बाबांच्या प्रत्येक प्रयत्नासमोर `300` होता, म्हणजे ठसा नोंदीशी जुळला नाही. क्रमांक `330` असता तर अर्थ वेगळा झाला असता: बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद आहे, आणि ती तिथेच उघडली की काम होते. हे आधी तपासावे, कारण कोणी कधी सुरक्षेसाठी कुलूप लावून विसरून गेलेले असते आणि उगाच बोटांना दोष दिला जातो.

मग चेहऱ्याचा मार्ग. ही सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली असून त्यासाठी फोनमध्ये हयातीच्या डिजिटल दाखल्याचे जीवन प्रमाण आणि `AadhaarFaceRD` ही दोन ॲप लागतात. आधी मदत करणाऱ्याने, म्हणजे मी, माझ्या आधारने आणि चेहऱ्याने नोंदणी केली आणि त्यानंतर बाबांची माहिती भरली. पहिल्या प्रयत्नात बाबांच्या पाठीमागे खिडकी होती; चेहरा काळा पडला. नंतर गॅलरीत, समोरून उजेड येईल असे त्यांना बसवले, चष्मा काढला, कवळी लावली आणि सांगितल्यावर डोळे मिटून उघडण्याचा सराव करून घेतला. तरीही जुळले नाही. आधारवरचा फोटो २०१२ चा होता: काळे केस, भरलेले गाल, मोतीबिंदूचे ऑपरेशन होण्यापूर्वीचे डोळे. माझ्या मते खरा अडथळा तो फोटोच होता, उजेड नव्हे.

इथे बहुतेक घरे हात टेकतात, आणि इथेच मला सांगायचे आहे की डिजिटल दाखला हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. जीवन प्रमाणसाठी आधारचा वापर ऐच्छिक असल्याचे केंद्राने मार्च २०२१ मध्ये अधिसूचनेने स्पष्ट केले आहे. पेन्शनर स्वतः बँकेत हजर झाला, तर ओळख पटवायला अधिकाऱ्याचे डोळे आणि मूळ कागद पुरतात. पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत हे करता येते, म्हणून दूरच्या मूळ शाखेऐवजी आम्ही ठाणे स्टेशनजवळच्या शाखेत गेलो.

काउंटरवरच्या ताईंनी "आता सगळे ऑनलाइन झाले आहे" असे सांगितले. मी वाद घातला नाही. शाखा व्यवस्थापकांकडे गेले, मोबाइलवर घेतलेला `300` चा फोटो दाखवला आणि विनंती केली, "साहेब, बाबा तुमच्यासमोर बसले आहेत. छापील दाखला द्या, तो आम्ही भरतो." पेन्शनच्या आदेशाचा कागद म्हणजे मूळ पीपीओ, आधार, पॅन आणि पासबुक पुढे ठेवले. त्यांनी पीपीओवरच्या फोटोशी बाबांचा चेहरा पडताळला, आपल्यासमोर सही करायला लावली आणि शिक्का मारला. वीस मिनिटे लागली. निघण्यापूर्वी मी पोच मागून घेतली. दाखला घेतल्यावर सही केलेली पोच देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि ती नसेल तर कागद टेबलावरून गहाळ झाल्यास आपल्याकडे काहीच उरत नाही.

ज्यांना उठताच येत नाही त्यांच्यासाठी आणखी दोन वाटा आहेत. सत्तरीपुढील ग्राहकांचा हयातीचा दाखला घरी येऊन घेण्याची सोय करा, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिलेली आहे. ऐरोलीच्या माझ्या आत्याने शाखेला साधा अर्ज देऊन ती मिळवली. दुसरी वाट अशी की राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी उपनिरीक्षक यांच्यासारख्या ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याने सही केलेला दाखला दिला, तर केंद्राच्या पेन्शनरला स्वतः हजर राहावे लागत नाही. राज्य सरकारचे पेन्शनर कोषागाराच्या पद्धतीने चालतात, आणि कर्मचारी पेन्शन योजनेच्या, म्हणजे ईपीएस ९५ च्या, पेन्शनरांचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. त्यांच्यासाठी नोव्हेंबरची अट नाही. पोस्टमन सत्तर रुपयांत घरी येतो खरा, पण त्याच्याकडेही तेच बोट किंवा तोच चेहरा जुळावा लागतो, म्हणून बाबांसारख्यांना त्याने सुटका होत नाही.

दाखला दिल्यावर मी बाबांना आधार सेवा केंद्रात नेले आणि बायोमेट्रिक नूतनीकरण करून घेतले. त्यात दहा बोटे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे ठसे आणि फोटो असे तिन्ही नव्याने घेतात. बोटांचे ठसे तरीही पुसटच निघाले, पण फोटो आजच्या बाबांचा झाला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये गॅलरीत, त्याच खुर्चीवर, चेहरा दुसऱ्या प्रयत्नात जुळला आणि प्रमाण क्रमांकाचा संदेश आला. तेवढ्यावर मी थांबले नाही. पीपीओचा एक आकडा चुकला तरी दाखला तयार होतो आणि नंतर बँकेकडून नाकारला जातो, म्हणून आठवड्याने शाखेत जाऊन बाबांच्या खात्यावर त्याची नोंद झाल्याचे मी स्वतः पाहिले.