महालक्ष्म्यांच्या मखराला साड्यांचं छत: माझा अनुभव

लातूरला फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर महालक्ष्म्या आमच्याकडे आल्या, आणि त्यांच्यासोबत सासूबाईंचं लोखंडी मखरही. चौकोनी पाइपाचं, नटबोल्टाचं, 8 फूट रुंद, 4 फूट खोल आणि 7 फूट उंच. अंबाजोगाईच्या जुन्या घरात त्याच्यावर छताचं वेगळं शिवलेलं कापड असायचं. माळवदाच्या घरात देवावर छत बांधणं ही नुसती हौस नव्हती, वरून माती गळायची. ते कापड आता विरलं होतं. मी म्हटलं, घरातल्याच साड्या आणि ओढण्या वापरू, नवं काही आणायचं नाही.

पहिली अडचण मापाची नव्हती, सोवळ्याची होती. "अगं, नेसलेली साडी महालक्ष्मीच्या डोक्यावर कशी काय बांधायलीस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं म्हणणं मला पटलं. मग ओटीत आलेल्या, अजून घडी न मोडलेल्या साड्या काढल्या. त्यातल्या दोन निवडल्या, एक पिवळी, एक डाळिंबी. दोन्ही हलक्या, आर्टसिल्कच्या, काठ एकसारखे. ओढण्या मात्र वापरलेल्या होत्या. त्या धुऊन, इस्त्री करून घ्यायच्या असं ठरलं, कारण त्या मागे लागणार होत्या, डोक्यावर नाही. पैठणी छतावर घालायची नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. तिचं वजन जास्त, आणि चुणी पाडून ताणून बांधली की जर मोडते. ती ज्येष्ठेला नेसवायची.

मग दोघींनी टेप घेऊन हिशोब केला. साडी लांबीला साधारण 18 फूट, रुंदीला पावणेचार. छत 8 फूट रुंद आणि 4 फूट खोल. म्हणजे एकच साडी आडवी टाकली तर खोली जेमतेम झाकली जाते, पण चुण्या पडत नाहीत आणि काठ मखराच्या कडेपर्यंत पोचत नाही. दोन साड्या शेजारी शेजारी, अर्धवट एकमेकींवर टाकल्या की साडेसात फूट कापड 4 फुटांत बसतं. जवळजवळ दुप्पट. छताला चुण्या याच दुपटीने येतात, दीडपटीला कापड सपाट चादरीसारखं दिसतं. पुढच्या साडीचा काठ दर्शनी बाजूला, मागच्या साडीचा काठ भिंतीकडे.

छत सरळ ताणायचं नव्हतं, थोडी झोळ हवी होती. त्यासाठी मधोमध, पुढून मागे, एक बांबू आडवा बांधला. साडी डाव्या पाइपावरून निघाली, झोळ घेत मधल्या बांबूवर चढली, पुन्हा झोळ घेऊन उजव्या पाइपावर गेली. झोळ वीतभर, साधारण 8 इंच. मला वाटायचं झोळीत भरपूर कापड जाईल. मोजलं तर दोन्ही झोळांत मिळून जेमतेम सात-आठ इंच लांबी जास्त गेली. म्हणजे 18 फुटांतलं साडेआठच फूट वर लागलं, आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी साडेचार फुटांपेक्षा थोडं जास्त खाली उतरलं. मखराच्या दोन्ही बाजूंचे पडदे फुकटात झाले! दोन्ही साड्या उलट-सुलट दिशेने टाकल्या, म्हणजे एका साडीचा पदर डावीकडे आणि दुसरीचा उजवीकडे येतो. नाहीतर एका बाजूला दोन पदर आणि दुसऱ्या बाजूला नुसतं सपाट कापड लोंबतं.

बांधायचं कसं हा खरा प्रश्न. सेफ्टी पिन लावली की नव्या साडीला भोक पडतं, आणि वजनाने ते ओढलं जाऊन लांबतं. त्यावर सुपारीची गाठ उत्तम. साडीच्या उलट्या बाजूला, काठाच्या आतल्या साध्या भागात एक सुकी सुपारी ठेवायची, कापड तिच्याभोवती घ्यायचं आणि सुपारीच्या मागे सुती दोरी आवळायची. दोरीचं दुसरं टोक पाइपाला. सुपारी दोरीतून निसटू शकत नाही, आणि कापडाला छिद्र पडत नाही. सुपारीचा रंग लागू नये म्हणून ती आधी जुन्या पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळली. काठावर किंवा जरीवर ही गाठ मारायची नाही, तिथे वळी पडते ती इस्त्रीनेही पूर्ण जात नाही. गाठी फक्त चार कोपऱ्यांना लागल्या, मधल्या बांबूवर कापड आपोआप बसलं.

आपोआप म्हणजे आधी बसलं नव्हतं. आवाहनाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं छान दिसलं, आणि संध्याकाळपर्यंत डावी झोळ मोठी, उजवी ताठ झाली होती. पाइप गुळगुळीत, साडी गुळगुळीत, दिवसभर पंखा सुरू. कापड हळूहळू जिथे जास्त वजन तिकडे घसरतं. सासूबाईंनी जुन्या सुती परकराची फीत काढली आणि पाइपभर गच्च गुंडाळली. बांबूलाही तसंच, त्याचं आणखी एक कारण आहे. बांबूच्या कडेला बारीक कूस असते, तिच्यात साडीचा धागा अडकला की सरकन दोर येतो. फीत गुंडाळल्यावर साडी हलली नाही.

मागच्या पडद्याला साडी योग्य नाही, असं माझं मत झालं. 18 फूट साडी अर्ध्यावर दुमडून पाइपावर टाकली तर 9 फूट खाली येते आणि आपल्याला हवेत 7. उरलेलं दोन फूट कापड जमिनीवर लोळतं, तिथे नेमकं पूजेचं पाणी सांडतं. ओढणी 8 फुटांच्या आसपास असते. 7 फूट खाली सोडा, फूटभर पाइपावरून मागे दुमडून कपड्यांच्या प्लॅस्टिक चिमट्यांनी पकडा, झालं. रुंदीला ओढणी 3 फूट, पाच ओढण्या लावल्या की 15 फूट कापड 8 फुटांत. पुन्हा तीच जवळजवळ दुप्पट. लोखंडी क्लिपा मी घेतल्या नाहीत, भाद्रपदातल्या दमट हवेत त्यांचा गंज कापडावर उतरतो. शिफॉनच्या ओढण्यांतून भिंतीचा डिस्टेंपर दिसतो, म्हणून मागे साधी पांढरी चादर टाकली. आणि भरजरी बनारसी ओढणी मुखवट्यांच्या नेमकी मागे लावू नका. माळा पेटल्या की जर चकाकते, फोटोत मुखवटे काळे पडतात. साध्या रंगाची, फक्त कडेला काठ असलेली ओढणी मध्ये ठेवली आणि भरजरी दोन टोकांना.

आता फुलोरा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी करंज्या, पापड्या, वेणी-फणी असं तळलेलं सगळं दोऱ्यात ओवून महालक्ष्म्यांच्या वर टांगतात. पाहुण्यांकडे मी पाहिलंय, फुलोरा छताच्याच कापडाला टाचलेला असतो. तळलेल्या पदार्थांतलं तेल दोऱ्यावरून वर झिरपतं आणि कापडावर हाताएवढा डाग होतो. आमच्या मखरात मधला बांबू यासाठीच कामाला आला. फुलोऱ्याचे दोरे बांबूला बांधले, दोन झोळांच्या मधल्या उंचवट्यातून ते सरळ खाली आले, कापडावर ना वजन ना तेल. पहिला पदार्थ झोळीच्या सर्वांत खालच्या पातळीपेक्षा वीतभर खाली हवा, कारण माळा लावताना हात लागला की पदार्थ झोके घेतात. कोठ्यांवर मुखवटे बसवूनच दोऱ्यांची उंची ठरवली. सासूबाईंचा तो आग्रह बरोबर होता, नाहीतर करंजी मुकुटाला टेकली असती.

दिव्याची काळजी मात्र कुणी शिकवावी लागत नाही असं वाटतं, आणि तिथेच लोक गाफील राहतात. समई मखराच्या आत असू नये, छताखाली तर नाहीच. आमच्याकडे नंदादीप आणि समया मखराच्या चौकटीपासून हातभर पुढे, आणि बाजूचे पदर मागे ओढून खांबांना बांधलेले. पदरांची टोकं जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर थांबली होती, ते मला बरंच वाटलं. आरतीच्या वेळी कापूर पेटलेलं ताट उंच जातं, तेव्हा मखराच्या अगदी तोंडाशी कुणाला उभं करू नका. कापड कसलं आहे ते कळत नसेल तर काठाच्या आतल्या बाजूचा एक सुटा धागा ओढून अंगणात जाळून बघा. पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक काळा मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो. वितळणारं कापड अंगावर चिकटतं, म्हणून छतावरच्या आर्टसिल्कच्या साड्या दिव्यापासून सर्वांत लांब. पंखा छताच्या दिशेने फिरवायचा नाही. स्टँडचा पंखा बायका बसतात त्या बाजूला, वारा मखराला पाठीमागून लागणार नाही असा.

हळदीकुंकवाच्या टेबलावर एक ओढणी लांबीत तीन घड्या घालून पसरली. 3 फूट रुंदीची फूटभर पट्टी झाली आणि 6 फुटी टेबलाच्या दोन्ही बाजूंना फूट फूट उतरली. खाली फ्रिजमधल्या रबरी मॅटचा तुकडा घातला, नाहीतर सनमायकावर ती सरकते. वर पारदर्शक प्लॅस्टिक घातलं होतं, तरी एका कोपऱ्याला हळद लागलीच. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि बायका घाबरून आणखी घासतात. साबणाच्या क्षारामुळे रंग बदलतो, डाग वाढलेला नसतो. साबण धुऊन टाका आणि ओलीच ओढणी उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाने जातो. दोन दिवसांत पुसट झाला, पण ओढणीचा मूळ रंगही तिथे किंचित उडाला. म्हणून गडद रंगाच्या ओढण्या टेबलावर घालू नयेत.

विसर्जनानंतर छत सोडताना आधी सुपाऱ्या सोडल्या, मग साड्या. ओढल्या तर गाठीच्या जागी कापड फाटतं. समईची काजळी छताच्या पुढच्या काठावर बारीक बसलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसली तर आत मुरते, कोरड्या मऊ ब्रशने झटकावी लागते. सुपारीच्या जागेच्या वळ्या आतल्या बाजूने हलक्या गरम इस्त्रीने गेल्या. पिवळी साडी आता कुणाच्या ओटीत द्यायची नाही, ती मखराचीच, असं सासूबाईंनी ठरवून टाकलंय. डाळिंबी मात्र माझ्या नणंदेने मागितलीय, तिच्या मुलीच्या डोहाळजेवणाच्या झोक्याला लावायला. झोक्याला दोरी हलते, तिथे सुपारीची गाठ चालणार नाही. तिथे साडी दोरीभोवती गुंडाळून टोकं शिवून घ्यायला सांगितलंय.