सुटकेस घेऊन दिलेली परीक्षा

जर्मनीत काही परीक्षांना ‘कोफरक्लाउझूर’ म्हणतात. कोफर म्हणजे सुटकेस. तिच्यात मावतील तेवढी पुस्तके आणि वह्या परीक्षेला घेऊन जाण्याची मुभा असते. उष्णता-संक्रमण विषयाची माझी पहिली अशी परीक्षा मागच्या सत्रात झाली आणि तिच्यात मला ४.० मिळाले. येथे १.० सर्वोत्तम असतो आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. पुण्यात इंजिनीअरिंग करताना ह्याच विषयात मी वर्गात पहिल्या पाचांत होतो, त्यामुळे हा निकाल मला फार लागला.

ज्या प्रश्नाने मला अडवले, तो सविस्तर सांगतो. १० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या एका गरम नळीवर ठेकेदाराने ५ मिलिमीटर जाडीचे उष्णतारोधक आवरण चढवले आहे आणि उष्णतेची गळती आता बरीच कमी झाली असे त्याचे म्हणणे आहे, ते तपासा. आवरणाची उष्णतावाहकता ०.१ आणि बाहेरच्या स्थिर हवेचा उष्णता-संक्रमण गुणांक ५ (दोन्ही प्रचलित एककांत) दिलेला होता. मी पुस्तकात दंडगोलाकार भिंतीचे सूत्र शोधले, आवरणाचा रोध काढला आणि रोध वाढला म्हणून गळती घटली असे लिहून मोकळा झालो.

प्रत्यक्षात गळती जवळजवळ दीडपट झाली होती. आवरणामुळे एक रोध वाढतो हे खरे. पण नळी बारीक असल्याने बाहेरचा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि हवेकडे उष्णता जाण्याचा रोध निम्म्यावर येतो. उघड्या नळीचा प्रतिमीटर रोध ६.३७ होता. आवरणानंतर हवेचा ३.१८ आणि आवरणाचा १.१०, असा एकूण ४.२८ झाला. वाहकतेला हवेच्या गुणांकाने भागले की २० मिलिमीटरची त्रिज्या मिळते. तिथपर्यंत आवरण वाढवत गेल्यास गळती वाढतच जाते. त्यानंतर ती घटू लागते खरी, पण दिलेल्या आकड्यांनुसार उघड्या नळीपेक्षा कमी होण्यासाठी आवरणाची बाहेरची त्रिज्या सुमारे २५ सेंटीमीटर व्हावी लागते.

ह्या २० मिलिमीटरलाच आपण ‘क्रिटिकल रेडिअस’ म्हणतो. त्याची सिद्धता मी पुण्यातल्या परीक्षेत अवकलनासह लिहिली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. येथे ती माझ्यासमोरच्या पुस्तकातही छापलेली होती. प्रश्नात तेवढा शब्द नव्हता, म्हणून ते पान उघडावे हे मला सुचलेच नाही. निकालानंतर उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क येथे प्रत्येकाला असतो. तेव्हा तपासनिसांनी मला विचारले, “उष्णता आवरणातून बाहेर आल्यावर पुढे कुठे जाते?” मला उत्तर लगेच देता आले, आणि म्हणूनच अधिक वाईट वाटले.

तरीही पाठांतराची येथे जी सरसकट हेटाळणी होते, ती मला मान्य नाही. ९० मिनिटांच्या परीक्षेत मूलभूत सूत्रे तोंडपाठ असल्याने माझा बराच वेळ वाचला, तर माझ्या शेजारचा विद्यार्थी साध्या गोष्टींसाठीही पाने उलटत राहिला. पूजा अगरवाल आणि हेन्री रोडिगर ह्यांच्या २०११ सालच्या प्रयोगांतही असे आढळले की, परीक्षा पुस्तकासह आहे असे आधी कळलेल्यांची कामगिरी नंतरच्या पुस्तकाविना चाचणीत खालावली. पुस्तक हाताशी राहणार हे ठाऊक असले की तयारी ढिली पडते, हे मी माझ्या वर्गातही पाहिले आहे. आमच्या पुण्याच्या शिक्षकांनी घोटून घेतले नसते, तर मी येथे नापासच झालो असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सीबीएसई २०२६-२७ पासून नववीला पुस्तकासह मूल्यमापन आणत असल्याचे वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ह्याच मंडळाने २०१४ च्या सुमारास नववी आणि अकरावीसाठी असा प्रयोग केला होता व काही वर्षांतच तो थांबवला. तेव्हा मजकूर शाळांना काही महिने आधी दिला जाई. म्हणजे त्यावरचे संभाव्य प्रश्न काढून उत्तरे पाठ करून घेण्यास पुरेसा अवधी होता. ‘क्रिटिकल रेडिअस म्हणजे काय ते सांगून सूत्र सिद्ध करा’ हा प्रश्न पुस्तक उघडे ठेवून विचारला, तर विद्यार्थी फक्त उतरवून काढेल आणि त्यातून पाठांतरही तपासले जाणार नाही. ठेकेदाराचा प्रश्न मात्र पुस्तक बंद असतानाही समजच तपासतो. पुस्तक उघडे असल्याने एवढेच झाले की सूत्र आठवले नाही ही सबब मला उरली नाही. असा एक प्रश्न तयार करायला आणि चाळीस-पन्नास मुलांची वेगवेगळी उत्तरे वाचायला आपल्याकडच्या शिक्षकाला वेळ कोण देणार आहे, हे मला त्या बातमीत कुठेही सापडले नाही.